शब्दचर्चा: 'श्वाबन राउस' आणि त्याखालची ओळ मराठीत कशी आणावी?

अनुजा

जून २०१३ मध्ये बर्लिनला गेले होते, तेव्हा प्रेन्झलाउअर बेर्ग भागात काढलेला हा फोटो. जुन्या इमारतीचं फाटक, त्याच्या शेजारी पिवळट भिंत. भिंतीवर काळ्या स्प्रेनं हातभर उंचीची अक्षरं: 'श्वाबन राउस'. त्याखाली लाल रंगात लहान अक्षरांची ओळ: 'विअर ब्लायबन आलऽ'. त्या ओळीच्या शेवटी रोमन लिपीत तीन अक्षरं आहेत, डब्ल्यू-बी-ए. ती कुणाची तरी सही असावी असं मी धरलंय.

माझ्या फोटोंचं एक लहान पुस्तक करतेय. प्रत्येक फोटोखाली मराठीत एक ओळ आणि फार तर तीन ओळींची टीप एवढीच जागा आहे. सध्या मी असं लिहिलंय: 'श्वाबियन लोकहो, चालते व्हा! आम्ही सगळे इथेच राहणार.'

शब्दांचे अर्थ कोशात मिळाले, पण वाचताना काहीतरी चुकतंय असं वाटतं. ज्यानं लिहिलं तो चिडलेला होता की चेष्टा करत होता, हेच मला कळत नाहीये. मदत करा.

बोरू

अनुजाताई, 'श्वाबियन लोक' हाच अर्थ घ्यायचा असं कशावरून? माझ्याकडच्या जर्मन कोशात 'श्वाबऽ' या शब्दाला 'झुरळ' असाही अर्थ दिलाय. मूळ शब्द 'शाबऽ', काही भागांत त्याचंच 'श्वाबऽ' होतं. अनेकवचन दोन्हींचं सारखंच, 'श्वाबन'. सगळी अक्षरं मोठी असल्यानं वेगळं काही ओळखताही येत नाही. जुनी इमारत आहे, झुरळं असणारच. भाडेकरूंनी मालकाला टोमणा मारला असेल: झुरळं बाहेर, आम्ही राहणार! दोन्ही ओळी छान जुळतात.

जुनीवही

बोरूराव, कोशातला अर्थ खरा आहे. झुरळाचा शब्द स्त्रीलिंगी, माणसाचा पुल्लिंगी, आणि अनेकवचनात दोन्ही एकच दिसतात हेही बरोबर. पण त्या भिंतीपुढे उभ्या असलेल्या बर्लिनकराला झुरळ आठवणार नाही. त्या भागात, त्या वर्षांत, हा शब्द भिंतीवर दिसला की त्याचा एकच अर्थ होता. मी तिथे आठ वर्षं काढली, अनुवादाचंच काम करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्वाबन म्हणजे जर्मनीच्या नैर्ऋत्येकडचे लोक, श्टुटगार्ट आणि आसपासचे. कोशातला अर्थ इथे संपतो, भिंतीवरचा अर्थ इथून सुरू होतो. प्रेन्झलाउअर बेर्ग पूर्व बर्लिनमध्ये होतं. पडझड झालेल्या इमारती, कोळशाच्या शेगड्या, स्वस्त भाडं. १९९० नंतर त्या इमारती खाजगी मालकीत गेल्या, डागडुजी झाली, भाडी चढली, आणि जुन्या रहिवाशांपैकी पुष्कळ जणांना दुसरीकडे जावं लागलं. त्यांच्या जागी पश्चिमेकडून पैसेवाली तरुण कुटुंबं आली. या सगळ्या नव्या लोकांना मिळून बर्लिनकरांनी एक नाव दिलं: श्वाबन. मग तो माणूस श्टुटगार्टचा असो, कोलोनचा असो, की आणखी कुठला. दारू पिणारा प्रत्येक जण बेवडा नसतो तसं इथला प्रत्येक 'श्वाबऽ' श्वाबियातला नसतो. घर विकत घेणारा, अंगण झाडून घेणारा, रात्री दहानंतर खाली आवाज झाला की तक्रार करणारा, अशी ती प्रतिमा आहे.

त्यामुळे 'श्वाबियन लोकहो' हे भूगोलाच्या दृष्टीनं अचूक आणि अर्थाच्या दृष्टीनं अर्धंच आहे. मराठी वाचकाला वाटेल की दोन प्रांतांचं जुनं वैर असावं. तसं काही नाही.

कावळा

मग सरळ 'परप्रांतीय हटाव' करा. मराठी वाचकाला एका क्षणात कळेल, टीप लिहायचीही गरज नाही.

मृण्मयी

एका क्षणात कळेल, पण उलटं कळेल. 'परप्रांतीय' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पोटासाठी आलेला, कमी पैशांत राबणारा माणूस उभा राहतो. जुनीवहींनी सांगितलं त्यावरून बर्लिनमध्ये पैसा नेमका दुसऱ्या बाजूला आहे. लिहिणारा भाडं न परवडणारा, आणि ज्याला उद्देशून लिहिलंय तो घर विकत घेणारा. शब्द बदलल्यानं कोण बलवान आणि कोण दुबळा हेच बदलत असेल तर तो शब्द कितीही ओळखीचा असला तरी मी घेणार नाही.

'उपरे' चालेल का, असाही विचार केला. त्यात गरीब-श्रीमंत येत नाही हे बरं. पण श्वाबन हे विशिष्ट नावच पुसलं जातं, आणि त्या नावातच सगळा टोमणा आहे.

श्टुटगार्टवासी

मी कामानिमित्त सहा वर्षं श्टुटगार्टला आहे, म्हणून राहवलं नाही. इथले लोक याला चेष्टा समजत नाहीत हो. माझ्या शेजारच्या आजींचा नातू बर्लिनला शिकायला होता. तो घरी येऊन सांगायचा की बोलण्यातला हेल ऐकून लोक तोंड वाकडं करतात. तो घरमालक वगैरे काही नव्हता, तीन मुलांत एक खोली घेऊन राहायचा.

आणि अंगण झाडण्याचं म्हणाल, तर ती इथली रीत आहे, 'केअरवॉखऽ' म्हणतात. या आठवड्यात तुम्ही जिना झाडायचा, पुढच्या आठवड्यात शेजाऱ्यांनी. दाराला पाटी अडकवून जातात. सुरुवातीला मलाही काच वाटला, आता सवय झाली. मागच्याच महिन्यात माझी पाळी चुकली तेव्हा त्याच आजींनी न बोलता माझा जिना झाडून टाकला. अशा माणसांना 'राउस' म्हणायचं?

जुनीवही

तुमचं म्हणणं पटतं, आणि अनुजाताईंच्या मूळ प्रश्नाला ते धरूनच आहे. सूर कोणता, हे लिहिणाऱ्याच्या मनावर जेवढं अवलंबून असतं तेवढंच वाचणाऱ्यावरही असतं.

त्या सुमाराच्या काही गोष्टी सांगतो. २०१२ च्या अगदी शेवटी वोल्फगांग टीअरझऽ यांची एका बर्लिनच्या वर्तमानपत्रात मुलाखत आली. ते तेव्हा जर्मन संसदेचे उपाध्यक्ष होते. बेकरीत पावाला आता बर्लिनचा 'श्रिपऽ' हा शब्द ऐकू येत नाही, श्वाबन लोकांचा 'वेकन' ऐकावा लागतो, अशी त्यांची तक्रार होती. देशभर गदारोळ झाला. पुढच्याच महिन्यात कोलवित्स चौकातल्या केटऽ कोलवित्स यांच्या पुतळ्यावर कुणीतरी श्पेट्सलऽ, म्हणजे श्वाबन लोकांच्या शेवया, फेकल्या. स्वतःला 'फ्री श्वाबिलॉन' म्हणवणाऱ्या गटानं ते केलं होतं. श्वाबन आणि बॅबिलॉन यांची जोडणी. इथवर सगळं चेष्टेत चाललंय असं म्हणता येत होतं.

मग २०१३ च्या मे महिन्यात, त्याच भागातल्या रीकेश्ट्रासे या रस्त्यावर एका भिंतीवर लिहिलेलं सापडलं: 'काउफ्ट निश्त बाय श्वाब्न'. शब्दशः मराठीत आणलं तर 'श्वाबन लोकांकडून काही विकत घेऊ नका'. ग्राहक चळवळीची घोषणा वाटते ना? पण १ एप्रिल १९३३ ला नात्सींनी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला तेव्हाच्या फलकांवर हेच वाक्य होतं, फक्त शेवटच्या शब्दाच्या जागी 'यूडन', ज्यू. जर्मन माणसाला पहिले तीन शब्द वाचले की चौथा आपोआप ऐकू येतो. आणि रीकेश्ट्रासेवर शहरातलं मोठं सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे. लिहिणाऱ्यानं ते मुद्दाम तिथे लिहिलं की बेफिकिरीनं, हे भिंत सांगत नाही. मराठी ओळीत मात्र ना ते वर्ष येतं, ना तो रस्ता.

अनुजाताईंचा फोटो त्यानंतरच्या महिन्यातला आहे.

बोरू

म्हणजे 'राउस' सुद्धा नात्सी शब्दच ठरतो. युद्धाच्या सगळ्या चित्रणांत सैनिक 'राउस, राउस' ओरडतात. मग अनुवादही तेवढाच भयंकर हवा.

जुनीवही

नाही, इथे घाई होतेय. 'राउस' रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. आई पोराला 'राउस' म्हणते, म्हणजे 'जा, बाहेर खेळ'. व्याकरणात 'हेराउस' म्हणजे बोलणाऱ्याच्या दिशेनं बाहेर आणि 'हिनाउस' म्हणजे त्याच्यापासून दूर बाहेर. बोलताना दोन्हींचं 'राउस' होतं.

वजन येतं ते जोडीनं. लोकांच्या एखाद्या गटाचं नाव आणि पुढे 'राउस' असा साचा झाला की दोन घोषणा आठवतात. एक 'आउसलेंडर राउस', परदेशी लोकांनो बाहेर, ही अति उजव्यांची. दुसरी 'नात्सिस राउस', ही त्यांच्या विरोधकांची. म्हणजे हा साचा दोन्ही बाजूंनी वापरून गुळगुळीत झालाय. श्वाबन हे जर्मनच. त्यांना परदेशी माणसासारखं 'राउस' म्हणण्यात लिहिणाऱ्याला गंमत वाटली असेल. वाचणाऱ्याला तीच गोष्ट किळसवाणी वाटू शकते. दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि तुमच्या ओळीत ते दोन्ही राहिलं पाहिजे.

मृण्मयी

मग 'चालते व्हा' तर नक्कीच जावं. त्यात आदरार्थी अनेकवचन आहे, समोरच्याला थेट उद्देशून आहे, आणि वर थोडा रुबाब आहे. दिवाणखान्यात उभं राहून बोलल्यासारखं. 'राउस'मध्ये क्रियापदच नाही. मराठीत आज्ञार्थ आला की 'निघ' की 'निघा' हे ठरवावं लागतं, आणि ठरवलं की लिहिणाऱ्याचं समोरच्याशी नातं ठरतं. जर्मन ओळीत ते ठरलेलं नाही. 'हाकला' म्हटलं तर बोलणं श्वाबन लोकांशी न राहता शेजाऱ्यांशी सुरू होतं. तेही जर्मनमध्ये ठरलेलं नाही.

'चले जाव' मनात आलं होतं. क्रियापद आहे, पण घोषणा म्हणून गोठलेलं आहे. तरी त्याला १९४२ चं तेज आहे. ते या भिंतीला देणं मला जमणार नाही.

माझं मत 'हटाव'ला. कावळ्यांनी तो वापरलाच आहे, फक्त 'परप्रांतीय' काढा. 'श्वाबन हटाव'. कुणाला सांगितलंय ते मोघम, आदर-अनादर नाही, आणि वाचताक्षणी कळतं की ही भिंतीवरची घोषणा आहे.

जुनीवही

'हटाव' माणसांपेक्षा वस्तूंना जास्त लागतो असं मला वाटतं. अतिक्रमण हटाव, गरिबी हटाव. श्वाबन हा शब्दच वाचकाला अनोळखी आहे. तो एखादा कर आहे की रोग आहे असं वाटेल. मी 'श्वाबन, बाहेर!' असं ठेवलं असतं. मधल्या स्वल्पविरामानं ती माणसं आहेत हे कळतं.

मृण्मयी

भिंतीवर स्वल्पविराम कोण देतं? आणि तो दिला की पुन्हा थेट हाक मारणं आलं. असो, इथे आपलं जुळणार नाही. अनुजा, तूच ठरव.

टिंब

मी फक्त त्या तीन अक्षरांबद्दल सांगतो. मी भिंतींवरच्या सह्यांचे फोटो काढतो, माझ्याकडे हजारभर असतील. बर्लिनमध्ये 'वन अप' नावाची टोळी आहे, 'वन युनायटेड पॉवर', त्यांची तीन चिन्हं शहरभर दिसतात. तसंच हे. टोळीची सही. तिचं भाषांतर करायचं नसतं, नाव ते नाव. फोटोखाली तिचा उल्लेखही नको. माझ्या एका फोटोत तर अशा अकरा सह्या एकावर एक आहेत, हवा असल्यास पाठवतो.

जुनीवही

सहीचं भाषांतर करू नये हे अगदी बरोबर, आणि 'वन अप'बद्दलही बरोबर. पण ही सही नाही. डब्ल्यू-बी-ए ही त्याच ओळीची आद्याक्षरं आहेत: विअर ब्लायबन आलऽ. १९९२ मध्ये भाडेवाढीविरुद्ध प्रेन्झलाउअर बेर्गमधल्या भाडेकरूंनी ही घोषणा काढली. पूर्व जर्मनीच्या काळात वस्तीपातळीवर सरकारी छत्राखालच्या समित्या असायच्या, त्यांच्या लांबलचक नावाचं संक्षिप्त रूप हेच होतं, डब्ल्यू-बी-ए. जुन्या रहिवाशांच्या तोंडी ती अक्षरं बसलेली होती. भाडेकरूंनी तीच उचलून त्यांत नवा अर्थ भरला. पुढे बर्लिनभर बेदखलीविरुद्धच्या मोर्चांत ही घोषणा ऐकू येऊ लागली.

म्हणजे खालची ओळ वरच्या ओळीपेक्षा वीस वर्षांनी जुनी घोषणा आहे. म्हणून विचारतो, अनुजाताई, या दोन ओळी एकाच हाताच्या आहेत याची खात्री आहे का? तुम्ही त्यांचं एक वाक्य केलंय.

अनुजा

खात्री नाही. मी तसं धरलं होतं. कसं ओळखायचं?

टिंब

हे मी सांगू शकतो. वरची अक्षरं हातानं मारलेली आहेत, रेघांच्या कडा धूसर आहेत, डबा जवळ धरला तिथे रंग ओघळलाय. खालची ओळ साच्यातून मारलेली आहे, म्हणजे पुठ्ठ्यात अक्षरं कापून त्यावरून स्प्रे. 'ए' आणि 'बी'च्या पोटातला भाग पडू नये म्हणून ठेवलेले पूल तुमच्या लहान फोटोतही दिसतात. आता मूळ मोठा फोटो उघडा आणि काळे ओघळ जिथे लाल ओळीला भेटतात तिथे बघा. लाल काळ्यावर चढलंय की काळं लालवर?

अनुजा

बघितलं. 'एस'पासून आलेला एक ओघळ लाल 'आलऽ'पर्यंत पोचलाय, आणि लाल रंग त्याच्यावरून गेलाय. काळा ओघळ लालखाली आहे.

आणखी एक. पुस्तकासाठी मी हा फोटो कापला होता. मूळ फोटोत डावीकडे पुढच्या फाटकाचा भाग येतो. त्या फाटकावर तीच लाल ओळ एकटीच आहे, त्याच साच्यातली.

मृण्मयी

मग 'आम्ही' की 'आपण' हा प्रश्न उघडा पडला! जर्मन 'विअर'मध्ये दोन्ही मावतात. मराठीत ऐकणाऱ्याला आत घ्यायचं की बाहेर ठेवायचं हे ठरवल्याशिवाय सर्वनाम लिहिताच येत नाही.

लाल ओळ नंतर आली हे आता कळलं. ती जर वरच्या ओळीला उत्तर म्हणून मारली असेल तर 'सगळे'मध्ये श्वाबन लोकही आले. मग ती 'आपण सगळे इथेच राहणार' होते, आणि वरच्या ओळीचा निषेध करते. पण लिहिणाऱ्याला वरची ओळ पटत असेल, तर 'तुम्ही निघा, आम्ही राहणार'. अनुजानं जो अर्थ लावला होता तोच, फक्त दोन हातांनी लिहिलेला. एका सर्वनामानं भिंतीवरचं भांडण तरी होतं किंवा एकमत तरी.

जुनीवही

तिसरी शक्यता त्या कापलेल्या भागात आहे. पुढच्या फाटकावरही तोच साचा आहे, तर कुणीतरी एका संध्याकाळी अख्ख्या रस्त्यावर ती ओळ मारत गेलं असेल. या फाटकाशी आधीच काय लिहिलंय याकडे बघितलंही नसेल. तसं असेल तर ते उत्तर नाही, शेजार आहे. मग मूळ मोर्चातला अर्थ धरायचा, आणि मोर्चात ती घोषणा भाडेकरू एकमेकांना ऐकवतात, तिथे 'आपण' शोभतं. भिंतीवर मात्र घरमालकही वाचतो, तिथे 'आम्ही'.

मृण्मयी

सर्वनाम गाळता येईल. 'सगळे इथेच राहू' म्हटलं तर क्रियापद प्रथमपुरुषी आहे, आम्ही-आपण दोन्हीला चालतं. पण 'राहू' ऐकताना 'चला, राहू या' असा कल येतो, निर्धार ढिला पडतो. 'सगळे इथेच राहणार' यात निर्धार आहे, पण बोलणारा गायब होतो, कुणी तिसराच बातमी देतोय असं वाटतं. 'इथेच राहणार आहोत सगळे' यात 'आहोत'मुळे बोलणारा परत येतो आणि कोण आत, कोण बाहेर हे मोघमच राहतं. लांब आहे, पण मला सगळ्यांत प्रामाणिक हेच वाटतं.

श्टुटगार्टवासी

मला 'आपण सगळे' हवंय. शेजारच्या आजींना दाखवता येईल असं काहीतरी त्या भिंतीवर असावं.

जुनीवही

तुमची इच्छा समजते. पण तो अर्थ फोटोत आहे असं ठामपणे म्हणता येत नाही, म्हणून छापू नये असं माझं मत.

अनुजा

सगळ्यांचे आभार. फोटो आता न कापता, दोन्ही फाटकांसकट छापणार आहे. दोन ओळी वेगवेगळ्या टाइपात लावेन, म्हणजे दोन हात आहेत हे दिसेल. सध्याचा मसुदा असा:

'श्वाबन हटाव'
'इथेच राहणार आहोत सगळे'

टीप: बर्लिन, जून २०१३. 'श्वाबन' म्हणजे नैर्ऋत्य जर्मनीतले लोक; या वस्तीत भाडी वाढल्यावर आलेल्या सगळ्याच सधन नवागतांना हे नाव पडलं. 'राउस' हा साचा परदेशी लोकांविरुद्धच्या घोषणेतला. खालची ओळ ही १९९२ पासूनची भाडेकरूंची घोषणा; ती वरच्या ओळीनंतर साच्यातून मारलेली आहे, शेजारच्या फाटकावरही तीच आहे.

टीप तीन ओळींत बसवायची तर एक वाक्य काढावं लागेल. परदेशी लोकांविरुद्धच्या घोषणेचं काढू की शेजारच्या फाटकाचं?

मृण्मयी

फाटक फोटोत दिसणारच आहे. ते काढ.

टिंब

फाटक दिसेल, पण साचा तोच आहे हे पुस्तकातल्या आकारात कुणालाही दिसणार नाही. ते वाक्य ठेवा.